डब्याआधीची अठरा मिनिटं

दहा वाजून वीस मिनिटांनी ताईंनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "चला, आवरा आता. डब्याची वेळ झाली." दहा वाजून अडतीस मिनिटांनी शेवटच्या मुलाने डब्याचं झाकण उघडलं. मधली अठरा मिनिटं मी भिंतीला टेकून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोजली.

पुण्याच्या एका उपनगरातली ही बालवाडी. एक खोली, पुढे ओसरी, ओसरीच्या टोकाला दोन नळ. तीन ते पाच वर्षांची अठ्ठावीस मुलं, एक ताई, एक मावशी. मी स्वतः बरीच वर्षं बालवाडीत शिकवलं आणि आता इतरांच्या बालवाड्यांत जाऊन बसते, म्हणून मला ती अठरा मिनिटं नवीन नव्हती. त्यात तीन भांडणं झाली. एकाने दुसऱ्याला चावा घेतला. एक मूल रडत दप्तर पाठीला अडकवून दारात जाऊन उभं राहिलं, आणि ताईंचा आवाज बसला. त्याच ताईंनी आधीची पाऊण तास मुलांना ठोकळे, माती आणि भातुकलीत असं रमवलं होतं की मी बघत राहिले होते. खेळ चांगला होता, डबाही सगळ्यांना हवा होता. घोळ झाला तो एकातून दुसऱ्यात जाताना.

बालवाडीचा दिवस तीन तासांचा. पण त्यात आल्यावर चपला काढणं, परिपाठ, मुक्त खेळ, आवरणं, हात धुणं, डबा, अंगण, पुन्हा आत येणं, गोष्ट आणि घरी निघणं असे निदान आठ-नऊ सांधे असतात. वेळापत्रकाच्या कागदावर या सांध्यांना जागा नसते. तिथे 'मुक्त खेळ' दहा वीसला संपतो आणि 'डबा' दहा वीसलाच सुरू होतो.

हे सांधे जुळवायला गाणं वापरा, असं प्रशिक्षणात सांगतात. ते बरोबरही आहे. पण गाणं नेमकं काय करतं आणि काय करू शकत नाही हे कुणी सांगत नाही. मग ताई बिचाऱ्या गात राहतात आणि मुलं आपल्या जागी खेळत राहतात.

आधी मुलाच्या बाजूने बघू. टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात लहान मुलांबरोबर पत्त्यांचा एक साधा खेळ मांडला. पत्त्यांवर दोन रंगांत दोन प्रकारची चित्रं. आधी सांगायचं, रंगाप्रमाणे लाव. तीन वर्षांचं मूल लाल एका पेटीत आणि निळे दुसऱ्या पेटीत बिनचूक टाकतं. मग सांगायचं, आता रंग नाही, आकाराप्रमाणे लाव. तीन वर्षांची बहुतेक मुलं रंगाप्रमाणेच लावत राहतात. गंमत पुढे आहे. "आकाराच्या खेळात हे चित्र कुठे जातं?" असं विचारलं, तर तीच मुलं बरोबर पेटी दाखवतात. आणि पत्ता हातात दिला की पुन्हा रंगाच्या पेटीत! पाच वर्षांच्या आसपास बहुतेकांना हा पालट जमू लागतो.

म्हणजे नवा नियम मुलाला कळलेला असतो, तोंडाने सांगताही येतो, पण हात जुन्याच कामाला चिकटलेले असतात. "आवरा" म्हटल्यावर मूल मान डोलावतं आणि पुढचा ठोकळा रचतं, ते यामुळे. आपण त्याला 'ऐकत नाही' म्हणतो. खरं तर कान ऐकतो आणि हाताला गिअर बदलायला वेळ लागतो. तो वेळ देणारी, आणि नवं काम थेट हातात ठेवणारी गोष्ट तिथे हवी असते. गाण्याचा उपयोग होतो तो इथे.

त्या ताईंना गाण्याचं वावडं नव्हतं. त्या गातही होत्या, पण आवरण्याचं म्हणून जे गाणं त्या म्हणत त्यात शहाण्या मुलांची स्तुती होती. शहाणी मुलं कशी असतात, पसारा कसा नसतो, आई कशी खूश होते. चाल गोड होती. मुलं जागीच उभी राहून, हात हलवत, अगदी मनापासून ते गाणं म्हणत आणि पसारा तसाच राही. आवरणं हा त्या गाण्याचा विषय होता, काम नव्हतं.

आम्ही दोघींनी मिळून चार ओळी जुळवल्या. कविता म्हणून त्यांची किंमत शून्य आहे, हे आधीच सांगते:

ठोकळेबुवा, टोपलीत चला,
बाहुलीताई, खाटेवर चला,
गाडीदादा, फळीवर चला,
हात रिकामे, सतरंजीवर चला!

या ओळींत तीन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पहिली अशी की प्रत्येक ओळीत एक वस्तू आहे आणि तिची जागा आहे. मूल गाणं म्हणता म्हणता वस्तूकडे बघतं आणि जागेकडे जातं, त्याला वेगळं काही आठवावं लागत नाही. दुसरी, हुकूम ठोकळ्याला आहे, मुलाला नाही. साडेतीन वर्षांचं मूल स्वतःवरचा हुकूम मोडायला उत्सुक असतं, पण ठोकळेबुवांना टोपलीत पोचवायला ते लगेच तयार होतं, कारण तिथे हुकूम करणारं तेच असतं. तिसरी गोष्ट सर्वांत कामाची. पहिल्या तीन ओळींत रिकामी जागा आहे. जमिनीवर मणी उरले असतील तर ताईंनी तिथल्या तिथे "मणीमावशी, डबीत चला" म्हणायचं. कुणाचंही नाव न घेता, कुणालाही न रागावता, त्या मण्यांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. चौथी ओळ मात्र कधीच बदलायची नाही. ती ऐकू आली की कुठे जाऊन बसायचं हे ठरलेलं.

एक ओळ सावकाश म्हटली तर चार सेकंद, चार ओळींना सोळा. सात-आठ वेळा म्हटलं की दोन मिनिटं होतात. मुलांना घड्याळ कळत नाही, 'पाच मिनिटांत आवरा' हे त्यांच्यासाठी 'परवा आवरा' इतकंच धूसर. पण रोज तेवढंच लांब असलेलं गाणं चार-पाच आठवड्यांत त्यांच्या अंगात भिनतं. मग सहाव्या फेरीला कुठलंसं मूल घाईघाईने पळताना दिसतं, त्याला कळलेलं असतं की आता थोडंच उरलं. जुन्या घटिकापात्राचं काम हे गाणं करतं. म्हणूनच आवरून झालं नाही तरी गाणं ताणत बसायचं नाही. आज दोन मिनिटं, उद्या सहा मिनिटं, असं झालं की ते घटिकापात्र फुटलं.

गाणं सुरू कसं करायचं यातही मेख आहे. ताई खोलीच्या मध्यभागी उभ्या राहून, मुलांच्या गलक्यावर मात करत सुरुवात करत. त्या आवाजाने मुलांचाही आवाज चढे. त्याऐवजी एका कोपऱ्याशी जाऊन, खाली बसून, हळू सुरू करायचं आणि स्वतःच्या हाताने दोन ठोकळे टाकायचे. शेजारची दोन मुलं गाणं उचलतात, मग चार. त्याच्याही आधी दोन-तीन मिनिटं एक फेरी मारून प्रत्येक गटाला सांगायचं, "अजून एक मनोरा होईल, मग गाणं येईल." ही सूचना खोलीभर ओरडून दिली तर कुणालाच दिलेली नसते.

आणि पट्टी. आपल्याकडच्या बहुतेक बायका बोलतात त्याच खालच्या पट्टीत गायला लागतात. मुलांचा आवाज तितका खाली उतरत नाही. पेटीवर बघायचं तर मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंतच्या टापूत लहान मुलं आरामात गातात. त्याच्या खाली गेलं की ती गात नाहीत, नुसती बोलतात किंवा ओरडतात, आणि आपण म्हणतो की मुलं बेसूर आहेत. ताईंनी चाल थोडी वर उचलली, तेव्हा त्यांनाच पहिल्या दिवशी परकं वाटलं. मुलांनी मात्र लगेच साथ दिली.

मोबाइलवर लावून का नको, असं मला दर ठिकाणी विचारतात. ताईंच्या घशाचा विचार केला तर प्रश्न रास्त आहे. पण मोबाइलमधलं गाणं उरलेले मणी बघू शकत नाही. शिवाय ठेक्याची गोष्ट आहे. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या किर्शनर आणि टोमासेलो यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिला. कधी समोर माणूस वाजवत होता, कधी ढोल वाजवणारं यंत्र होतं, कधी नुसता स्पीकरमधून आवाज येत होता. माणूस समोर असताना मुलांचा ठेका जास्त नेमका जुळला. आवरण्याचं काम ठेक्यावर चालवायचं असेल तर ठेका धरणारं माणूस डोळ्यांपुढे हवं, एवढं यातून घेता येतं.

आता नळाकडे येते, कारण अठरापैकी सर्वांत मोठा वाटा तिथे गेला होता. आवरायला पाच मिनिटं, पंगतीत बसायला अडीच, आणि हात धुवायला साडेदहा. हिशोब सरळ आहे. एका मुलाला नळापाशी पंचेचाळीस सेकंद लागत होते. एका नळावर चौदा मुलं. चौदा गुणिले पंचेचाळीस म्हणजे सहाशे तीस सेकंद. रांगेतलं शेवटचं मूल पावणेदहा मिनिटं नुसतं उभं होतं. चावा रांगेतच घेतला गेला, आणि घेणारा रांगेच्या शेपटाकडचाच होता.

रांगेत म्हणायची गाणी असतात. ताईंनी तीही म्हटली. पण चार वर्षांच्या मुलाने पावणेदहा मिनिटं दुसऱ्याच्या पाठीकडे बघत उभं राहायचं, यावर गाण्याचा उतारा नाही. मला तर वाटतं, अशा ठिकाणी गाणं अपाय करतं, कारण मोठ्यांना वाटत राहतं की आपण मुलांना गुंतवून ठेवलं आहे आणि रांग तशीच चालू राहते. थांबणं आधी कमी करायचं, आणि मग उरलेल्या थांबण्यात गाणं.

ते कमी कसं करायचं याची वाट हात धुण्यातच होती. हात चोळायला किमान वीस सेकंद द्यावेत, असं सांगतात. पण चोळण्यासाठी नळ लागतच नाही! नळ लागतो पाच सेकंद ओले करायला आणि पंधरा सेकंद फेस धुवायला. पंचेचाळीसपैकी उरलेला वेळ मूल नळ अडवून फेसाशी खेळत होतं आणि पाणी वाहत होतं. म्हणून क्रम बदलला. दोघादोघांनी हात ओले करायचे, मावशींकडून साबणाचा एक थेंब घ्यायचा, आणि नळापासून दोन पावलं मागे, जमिनीवर खडूने आखलेल्या रेघेवर उभं राहायचं. तिथे सगळ्यांनी मिळून चोळायचं. या चोळण्याला बरोबर वीस सेकंदांचं गाणं हवं होतं:

तळहात घासू, फेस करू,
मागची बाजू नको विसरू,
बोटांच्या गल्लीत फिरून येऊ,
अंगठेबुवांना अंघोळ घालू,
नखांना गुदगुल्या, खुदूखुदू!

पाच ओळी, प्रत्येकी चार सेकंद. ओळीबरोबर हाताची एकेक जागा बदलते, त्यामुळे अंगठा आणि बोटांच्या फटी सुटत नाहीत. मुलं सहसा त्याच सोडतात. मावशींनी हे गाणं दुसऱ्याच दिवशी पाठ केलं, आणि आठवड्याने मी गेले तेव्हा ते बारा सेकंदांत संपत होतं. घाई गाण्यात अशी शिरते. उपाय साधा, 'खुदूखुदू' तीनदा म्हणायचं ठरवलं आणि मावशींच्या ओळींनाही पुन्हा संथ लय आली. गाणं पळतंय का हे महिन्यातून एकदा घड्याळ लावून बघावंच लागतं.

तरीही अठ्ठावीस मुलं एकदम नळाकडे आली तर रांग होणारच. म्हणून दुसरा बदल केला, आणि तो ताईंना सुरुवातीला मुळीच पटला नाही. सगळ्यांनी एकदम आवरायचं नाही. खेळाचे चार कोपरे, प्रत्येकात सात मुलं. ताई दहा वीसला पहिल्या कोपऱ्यात जाऊन गाणं सुरू करतात. तो कोपरा दोन मिनिटांत आवरतो आणि सात मुलं नळाकडे जातात. बाकीची एकवीस अजून खेळत असतात, म्हणजे ती थांबलेली नसतात. नळापाशी सात मुलांना ओले करायला दोघादोघांच्या चार पाळ्या, वीस सेकंद. चोळायला वीस. धुवायला पुन्हा चार पाळ्या, साठ सेकंद. झाले शंभर. ढकलाढकली, बाही वर करणं, "माझा साबण पडला" हे सगळं धरून अडीच मिनिटं. तोवर ताई दुसऱ्या कोपऱ्याचं आवरून घेतात. चार कोपरे, दहा मिनिटं. पहिली दोन धरून बारा. दहा बत्तीसला शेवटचं मूल पंगतीत.

अठराची बारा झाली. सहा मिनिटं वाचली हे मला विशेष वाटत नाही. पूर्वी सर्वांत जास्त थांबणारं मूल पावणेदहा मिनिटं नुसतं उभं होतं, आता नळापाशी कुणी दीड मिनिटाहून जास्त रिकामं उभं नसतं. चावणारा मुलगा आता मुद्दाम पहिल्या कोपऱ्यात बसतो, कारण पहिल्या कोपऱ्याला पंगतीत रुमाल अंथरायचं आणि पेले मांडायचं काम मिळतं. कोपऱ्यांचा क्रम रोज फिरतो, म्हणून चौथ्या दिवशी त्याला दुसऱ्याच कोपऱ्यातल्या खेळाचं आकर्षण वाटू लागतं. ते चालायचंच.

यात एक गोष्ट गेली. पूर्वी सगळी अठ्ठावीस मुलं एकत्र श्लोक म्हणून जेवत. आता पहिले दोन कोपरे बसले की त्यांचा श्लोक होतो आणि डबे उघडतात, उरलेल्या दोघांचा पाच मिनिटांनी. ताईंना ही तुटलेली पंगत अजून खुपते. मलाही थोडी खुपते. पण धुतलेले हात दहा मिनिटं सतरंजीवर, केसांत आणि नाकात फिरवत एकत्र श्लोकाची वाट बघायची, हेही काही खरं नव्हे.

पंगतीत बसल्यावरच्या त्या दोन-तीन मिनिटांसाठी खेळ लागतो. ताईंच्या बालवाडीत 'शिवाजी म्हणतो' आवडीचा. "शिवाजी म्हणतो, नाकाला हात लावा" म्हटलं तरच लावायचा, नुसतं "नाकाला हात लावा" म्हटलं तर नाही. चुकला तो बाद. मोठ्यांचा हा नियम इथे उलटतो, कारण चुकतात ती तीन वर्षांची. सर्वांत आधी तीच बाद होतात, आणि ज्यांना थांबणं सर्वांत जड जातं त्यांच्याच वाट्याला रिकामं थांबणं येतं. झेलाझोंचे पत्ते आठवा, नेमकी हीच गोष्ट त्यांना जमत नसते. बाद करणं काढून टाकलं की खेळ तोच राहतो. चुकलं तर सगळे हसतात, पुढची सूचना येते. जेवणापूर्वी तो दर सूचनेला आवाज खाली नेत खेळायचा, शेवटची सूचना जवळजवळ ओठांच्या हालचालीवर. डबे उघडेपर्यंत ओसरी आपोआप शांत होते.

अंगणातून गोष्टीकडे येताना हीच खाली उतरण्याची गरज जास्त असते. धावून आलेली, घामेजलेली मुलं आणि समोर गोष्टीचं पुस्तक. इथे पुष्कळ ठिकाणी टाळ्यांचं, उड्यांचं जोरदार गाणं घेतात आणि मग मुलं उधळली म्हणून वैतागतात. उधळलेल्या मुलांना त्यांच्याच वेगाने पकडायचं आणि मग वेग कमी करायचा. पहिली फेरी पाय आपटत, दुसरी चालत, तिसरी जागेवर डुलत, चौथी गुणगुणत. चाल एकच.

त्यानंतर जमलं तर शांततेचा खेळ. हा मारिया माँटेसरींचा. रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत १९०७ साली त्यांनी बालगृह सुरू केलं. एकदा त्या चार महिन्यांचं तान्हं बाळ कुशीत घेऊन वर्गात आल्या आणि मुलांना म्हणाल्या, बघा, हे किती शांत आहे, याच्या इतकं शांत तुम्हाला राहता येईल का? मुलं श्वास रोखून बसली. त्यातून पुढे खेळ घडला. सगळे निश्चल बसतात, शिक्षिका शेजारच्या खोलीतून एकेकाचं नाव कुजबुजते, ज्याचं नाव ऐकू येईल त्याने पावलांचा आवाज न करता उठून यायचं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या कामातून माँटेसरींचा विचार गुजराती आणि मराठी बालवाड्यांत आला. मूळ हेतू एकाग्रतेचा असला तरी मला हा खेळ सांध्याच्या कामाचा वाटतो, कारण तो एका जागेवरून दुसऱ्या जागी मुलांना एकेक करून, धक्काबुक्की न होता नेतो. मर्यादा एवढीच की एका नावाला आठ सेकंद धरले तर अठ्ठावीस नावांना पावणेचार मिनिटं लागतात, आणि शेवटच्या मुलाला वाटतं की आपल्याला विसरले. मी दहा-बारा मुलांपुढे कधी नेला नाही. मोठ्या गटात नाव न घेता "ज्यांच्या कपड्यांवर निळं आहे" असं कुजबुजायचं. सहा मुलं एकदम उठतात, पण तीही चोरपावलांनी.

अंगणात जातानाच्या आगगाडीबद्दल मात्र मी जरा कडक आहे. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून झुकझुक करत जाणारी गाडी फोटोत सुंदर दिसते. प्रत्यक्षात इंजिन पळतं, मधला डबा अडखळतो आणि मागचे चार त्याच्यावर पडतात. पायरी असेल तर नक्की. त्यापेक्षा दोरी बरी. साधी सुती जाड दोरी, हात-हात अंतरावर गाठी, एकेका गाठीला एकेक मूल. ताई पुढे, मावशी मागे. गाठ सोडली की मूल मोकळं होतं, पडत नाही.

ही गाणी सगळ्यांना लागू पडत नाहीत. ताईंकडे एक मुलगी आहे, तिला ऐकू कमी येतं. गाणं सुरू झालं की ती इतरांकडे बघून उठते, म्हणजे नेहमी शेवटी. तिच्यासाठी ताई गाण्याआधी तिच्या समोर येऊन टोपलीचं चित्र दाखवतात. ते चित्र दोन आठवड्यांत इतर मुलांनीही वापरायला घेतलं. आवाजाने घाबरणारं एक मूल आहे, ते पहिल्याच कोपऱ्यात असतं आणि मावशींबरोबर आधी बाहेर पडतं. आणि एक चार वर्षांचा मुलगा आहे, तो कुठल्याच गाण्याला बधत नव्हता. निरखून बघितलं तर तो आवरायला तयार होता, मोडायला तयार नव्हता. वीस मिनिटं खपून उभा केलेला मनोरा ठोकळेबुवा म्हणून टोपलीत का घालायचा? आता खिडकीखाली एक फळी आहे, तिच्यावर 'काम चालू' असं लिहिलेला लाल पुठ्ठा. रोज दोन रचना तिथे उद्यापर्यंत राहतात. त्याची राहिली की तो गाणं म्हणत इतरांचे ठोकळे भरतो.

नवीन गाणी किती शिकवायची, असं ताईंनी विचारलं होतं. त्यांच्या वहीत चाळीसएक होती. मी म्हटलं, सांध्यांसाठी चार पुरे. आवरण्याचं, हात धुण्याचं, आत येण्याचं आणि घरी जाण्याचं. जूनमध्ये ठरलेली चाल एप्रिलपर्यंत तीच. शब्द हवे तितके बदला, चाल नको, कारण मूल चालीवरून ओळखतं. आणि आवरण्याचं गाणं स्नेहसंमेलनात बसवू नका. हे मी स्वतः एकदा केलं होतं. टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवसापासून ते गाणं लागलं की मुलं आवरायचं सोडून ओळीत उभी राहून प्रेक्षकांकडे बघू लागली. फेब्रुवारीत नवं गाणं शोधावं लागलं.

गेल्या जुलैत पुन्हा त्या बालवाडीत गेले होते. डबा बारा मिनिटांत लागला, कधी तेरा. पण घरी जायची वेळ झाली आणि बाहेर पाऊस. अठ्ठावीस रेनकोट, त्यातले निम्मे पिवळे, बटणं दाबून बसवायची, टोपीची नाडी गाठलेली, एक बाही आत उलटलेली. मुलांना स्वतःला घालता येत नाहीत. दोन मोठी माणसं, एका रेनकोटाला मिनिटभर, म्हणजे चौदा मिनिटं. ताईंनी गाणं केलं होतं, चांगलं होतं, पण बटणं काही गाण्याने लागत नव्हती, आणि आधी रेनकोट चढवलेली मुलं आत घामाघूम होऊन रडत होती. घ्यायला आलेल्या आया फाटकापाशी छत्र्यांखाली उभ्या होत्या. मावशी म्हणाल्या, "ताई, यांना चारचार करून आत बोलवू या का? ज्याचं त्याने घालावं." दुसऱ्या दिवशी ते करून बघायचं ठरलं आहे. फाटकापाशी किती आया एका वेळी मावतात, ते आधी बघावं लागेल.